कागद पाणी प्याला की रंग सरकतो

गेल्या वर्षी चवथीच्या नाटकाचं पोस्टर मी केलं, ए-थ्री साइझ, दोनच शाई, पिवळी आणि निळी. पोस्टरवर गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती माटोळी होती, वरून लोंबणारे नारळ, तवशी, आंबाडे, केळीचा घड. दोन शाईत एवढं कसं बसतं म्हणाल तर पिवळ्यावर निळा पडला की हिरवा फुकट मिळतो, आणि कागदाचा पांढरा असतोच, म्हंजे दोन शाईचे पैसे देऊन चार रंग. स्क्रीन प्रिंटिंग, म्हंजे जाळीतून शाई दाबून छापणं, ते गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, लग्नपत्रिका छापतात ना तसल्याच.

पहिल्या दिवशी पिवळा मारला, शीट रॅकवर सुकायला ठेवल्या, रात्रभर पाऊस धो धो, दुसऱ्या दिवशी सकाळी निळा. आणि उजवीकडच्या प्रत्येक आंबाड्याचा पिवळा रंग निळ्या रेघेच्या बाहेर आलेला, डावीकडून आत पांढरी फट. मी वर्कशॉपच्या दादांना म्हटलं, जाळीवर चित्र उतरवायची फिल्म सरकली. दादांनी शीट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "फिल्म न्हय रे, कागद पाणी प्यालाय."

मला आधी पटलं नाही. मग त्यांनी डावीकडचा नारळ दाखवला. तिथे सगळं चोख बसलेलं. मधल्या केळीच्या घडापाशी फट जेमतेम अर्धा मिलिमीटर, उजव्या टोकाला सव्वा. फिल्म सरकली असती तर चूक सगळीकडे सारखीच आली असती ना!

गोष्ट अशी आहे की कागदातले धागे पाणी शोषतात तेव्हा जाडीने फुगतात, लांबीने जवळपास नाहीच. आणि मशीनवर कागद बनताना बरेचसे धागे एकाच दिशेला आडवे होतात, त्यालाच ग्रेन म्हणतात. म्हणून दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या बाजूला वाढतो, ग्रेनच्या बाजूने फारच कमी. आमची रीम पॅकिंगमधून काढली तेव्हा कोरडी होती आणि लगेच पिवळा मारला. मी पिवळ्यात दोन टोकांना खुणा ठेवल्या होत्या, फिल्मवर बरोबर ४०० मिलिमीटर अंतराच्या. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पट्टीने मोजलं तर ४०१.२. म्हणजे ०.३ टक्के. ऐकायला काहीच नाही, पण छापलेला पिवळा कागदाबरोबर वाढला आणि निळ्याची जाळी आहे तेवढीच राहिली. शीट आम्ही डाव्या कोपऱ्याला स्टॉपला टेकवून लावतो, त्यामुळे तिथे चूक शून्य आणि लांब जाल तशी वाढत गेली.

रंगावर रंग नेमका बसला नाही की रजिस्ट्रेशन बिघडलं असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याचे किमान तीन चेहरे आहेत आणि ते ओळखता येतात. आख्खा थर सरकला असेल तर प्रत्येक आकाराच्या एकाच बाजूला एकाच रुंदीची फट. शीट तिरकी लागली असेल तर एका बिंदूपाशी चूक नसते आणि तिथून लांब ती वाढते पण काटकोनात, म्हणजे उजव्या टोकाचा आंबाडा वर किंवा खाली जातो. ०.२ अंश तिरकं झालं तरी ४०० मिलिमीटरवर १.४ मिलिमीटर, आणि ०.२ अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तिसरा हा आमचा, ताणाचा, बाहेरच्या बाहेर जाणारा. तिन्ही एकत्र असले तर मात्र डोकं धरून बसायचं.

दुसऱ्या खेपेला रीम उघडून शीट दोन दिवस त्याच खोलीत सुट्या ठेवल्या, म्हणजे कागदाला काय प्यायचंय ते छपाईआधीच पिऊन घेऊ दे, आणि दोन्ही रंग एकाच दिवशी मारले. कागद घेताना ग्रेन लांब बाजूने जाणारा मागितला, म्हणजे वाढ आखूड बाजूला जाते, ०.३ टक्क्यांनी २८० वर ०.८ मिलिमीटरच. (ग्रेन कळायला शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूला सहज वाकते ती घडी ग्रेनच्या दिशेची.) आणि मुख्य म्हणजे ट्रॅप. पिवळा आकार अर्धा-एक मिलिमीटर फुगवून निळ्या रेघेखाली घुसवला, फिका रंग गडदाच्या खाली लपतो, उलटं कधी करू नका. मात्र शाई पारदर्शक हवी. दाट, झाकणारी निळी शाई घेतली तर हिरवा मिळतच नाही, नुसता निळा.

राइसोवर हीच माटोळी छापली तर बिघाडाची जात बदलते. राइसोग्राफ मशीन म्हणजे आतून स्क्रीन प्रिंटच. पातळ मास्टरवर उष्णतेने बारीक भोकं पडतात, तो मास्टर ड्रमला गुंडाळतो आणि शाई ड्रमच्या आतून भोकांतून कागदावर येते. एका ड्रममध्ये एकच रंग, त्यामुळे एकाच ड्रमच्या मशीनवर दुसऱ्या रंगाला शीट पुन्हा आत जाते, आणि तिला रबरी रोलर खेचतो. रोलरची पकड दरवेळी थोडी वेगळी. आमच्या स्क्रीनच्या गठ्ठ्यात प्रत्येक पोस्टर एकसारखंच चुकलेलं होतं, राइसोत प्रत्येक प्रत वेगळी चुकते, एक डावीकडे, पुढची जरा वर. शिवाय ही शाई तेला-पाण्याची, कागदात मुरते, पूर्ण कडक होत नाही, त्यामुळे मोठ्या सपाट निळ्या भागावर बोट फिरवलं की बोट निळं, आणि दुसऱ्या खेपेला रोलरचे फिके टायरसारखे पट्टे. म्हणून चकचकीत आर्ट पेपर राइसोला चालत नाही, तिथे शाई मुरायला जागाच नाही. स्क्रीनची शाई उलट कागदावर थर म्हणून बसते, कागदाचा खरखरीतपणा झाकते, कडेवर नखाने जाणवते.

सायनोटाइपमध्ये ही भानगडच नाही कारण शाईच नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये काढलेली पद्धत, लोखंडाचे दोन क्षार ब्रशने कागदाला लावायचे, वर निगेटिव्ह, ऊन, मग पाण्यात धुवायचं. निळा रंग धाग्यांच्या आतच तयार होतो, म्हणून कागदाचा पोत पूर्ण दिसतो आणि कडेला ब्रशचे फटकारे राहतात. एकच रंग, एकच थर, तर चुकणार कशाशी? पण पावसाळ्यात कागद लाटांसारखा वाकडा झाला की काच नीट दाबत नाही, निगेटिव्ह आणि कागदामध्ये हवा राहते आणि तेवढ्या भागात कडा धूसर. निगेटिव्ह दमट कागदाला चिकटते ते वेगळंच. (आणि जुलैत ऊन कुठे असतं म्हणा आमच्याकडे.)

हे सगळं सांगण्याचं कारण, आता लोक कॉम्प्युटरवर राइसो लूक करतात, एक थर तीन पिक्सेल उजवीकडे ढकलतात आणि वर कागदाचं टेक्स्चर टाकतात, झालं. ते खोटं वाटतं कारण चूक सगळीकडे सारखी आहे. निळा थर `Multiply` वर ठेवा, पिवळा थर डावा कोपरा धरून फक्त रुंदीत १००.३ टक्के करा, ०.१ अंश फिरवा. ३०० डीपीआयच्या फाइलमध्ये आमच्या उजव्या आंबाड्याची फट चौदा पिक्सेल भरेल, डाव्या नारळाची शून्य. आणि दाणा फक्त शाई पडली तिथे येऊ दे, पांढऱ्या कागदावर शाईचा दाणा कुठून येणार.

बिघडलेल्या पोस्टरांतली एक शीट दादांनी वर्कशॉपच्या दाराला लावून ठेवलीय. मार्चमध्ये गेलो तेव्हा पट्टी लावून बघितली, ४००.३.