हवा भरताना पंप गरम का होतो?

आमच्याकडून उभा पंप नेलेले ग्राहक बरेचदा विचारतात, "चाकात हवा भरताना पंप खालून तापतो. पंपात काही बिघाड आहे का?" बिघाड नाही. उलट, हवा भरताना पंपाचे खालचे टोक कोमट होत असेल, तर पंप आपले काम नीट करत आहे असे समजा.

ही उष्णता आतला वॉशर नळ्याला घासल्यामुळे येते, असे पुष्कळांना वाटते. घासण्याचा वाटा थोडा असतोच, पण तो किती हे घरीच पाहता येते. पंप गार असताना नळी चाकाला न लावता, मोकळी ठेवून पंधरा-वीस वेळा दांडा खाली-वर करा. वॉशर तेवढाच घासला जातो, तरी नळा फारसा तापत नाही. पंप पुन्हा गार होऊ द्या. मग नळी अर्ध्या भरलेल्या चाकाला लावून त्याच वेगाने तेवढ्याच वेळा दांडा मारा. आता नळ्याचा तळाकडचा भाग गरम लागेल. चाक जोडलेले असताना वॉशर नळ्यावर थोडा जास्त दाबला जातो, त्यामुळे घर्षणही किंचित वाढते. पण नुसत्या घर्षणाने नळा वॉशर फिरतो त्या सगळ्या लांबीवर तापला असता. इथे तो तळाशी तापतो, जिथे हवा सर्वात जास्त दाबली जाते.

मग उष्णता येते कुठून? तुमच्या हातातून. दांडा खाली ढकलताना तुम्ही जोर लावता आणि त्या जोराने दांडा काही अंतर सरकतो. जोर लावून वस्तू सरकवली की विज्ञानाच्या भाषेत 'कार्य' झाले. ते कार्य इथे हवेवर होते. हवेचे रेणू सतत इकडेतिकडे धावत वॉशरवर आदळत असतात. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जसा अधिक वेगाने परततो, तसेच खाली येणाऱ्या वॉशरवर आदळलेले रेणू आधीपेक्षा थोड्या जास्त वेगाने परततात. एका धडकेत मिळणारी वाढ नगण्य असते, पण दांडा तळाशी जाईपर्यंत अशा धडका असंख्य होतात आणि वाढलेला वेग रेणू एकमेकांत वाटून घेतात. रेणूंचा सरासरी वेग वाढणे म्हणजेच हवेचे तापमान वाढणे. बाहेरून आच लावावी लागत नाही.

एक हिशेब करून पाहू. नळा आतून ३ सेंमी रुंद आणि दांड्याची चाल ४५ सेंमी धरू. आत सुमारे ३२० घन सेंमी हवा मावते. तिचे वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. चाकात ३० पीएसआय हवा आहे, म्हणजे आतला एकूण दाब बाहेरच्या हवेच्या साधारण तिप्पट. दांडा झटकन खाली नेला, तर निम्म्याहून थोडा पुढे जाताच नळ्यातला दाब चाकाइतका होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी हाताला सुमारे १५ किलोचा जोर लावावा लागतो. उष्णता अजिबात निसटली नाही असे मानले, तर २७ अंशांची हवा तोवर सुमारे १३५ अंशांपर्यंत तापते. उकळत्या पाण्याहूनही गरम!

तरी हात भाजत नाही, कारण एवढ्याशा हवेत उष्णता जेमतेम ३० ज्यूल असते. नळ्यात ४०० ग्रॅम पोलाद असेल, तर ही सगळी उष्णता मिळूनही त्याचे तापमान अंशाच्या सातव्या हिश्श्याइतकेच चढेल. प्रत्यक्षात हवेला नळ्याचा गारवा लागत असल्याने ती १३५ अंशांपर्यंत पोहोचतही नाही, आणि बरीचशी उष्णता हवेबरोबर चाकात निघून जाते. मागे राहते ती तळाशी साठत जाते, म्हणून पंप तापलेला जाणवायला बरेच दांडे मारावे लागतात. चाक रिकामे असताना सुरुवातीचे दांडे हवा फारशी दाबत नाहीत, म्हणून तेव्हा पंप जवळपास गारच राहतो.

दांडा सावकाश मारला तर हवेतली उष्णता दाबतादाबताच नळ्यात उतरते. हवा कमी तापते, त्यामुळे तिचा दाबही तितका लवकर चढत नाही आणि हाताला किंचित हलके जाते. डिझेल इंजिनात याच्या उलट हवे असते. तिथे हवा क्षणार्धात पंधरा-वीस पट दाबतात. ती इतकी तापते की फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेटते.

आता पंपाची तपासणी. नळी मोकळी असतानाही नळा लांबवर तापत असेल आणि दांडा जड जात असेल, तर चामड्याचा वॉशर कोरडा पडला आहे. त्याला वंगणाचे दोन-चार थेंब द्या. याउलट चाक बऱ्यापैकी भरलेले असूनही दांडा सहज खाली जात असेल आणि तळ गारच राहत असेल, तर हवा दाबली न जाता वॉशरच्या कडेने वर निसटते आहे. असा पंप दुकानात घेऊन या. बहुधा नुसता वॉशर बदलून काम होते, नवा पंप घ्यावा लागत नाही.