किडनी फुगलेली, पण खडा दिसेना

मे महिन्यातली दुपार. रामबागेतले एक काका डावी कूस दाबत सोनोग्राफीच्या टेबलावर आडवे झाले. कळ पाठीतून जांघेत उतरत होती. इंदुरात आपल्याही तोंडी हिंदीतला शब्द बसलाय, तसं ते म्हणाले, “पथरीच आहे हो, केवढी तेवढं सांगा.”

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. निरोगी किडनीचा मधला भाग चरबीमुळे पांढरा असतो. काकांच्या डाव्या किडनीत त्या पांढऱ्यात काळ्या फांद्या पसरल्या होत्या आणि सगळ्या मधल्या एकाच काळ्या डोहाला मिळत होत्या. मी आधी हे मिळणंच बघते. पाण्याच्या गाठीही काळ्याच दिसतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. लघवी अडून किडनी अशी फुगते, तेच हायड्रोनेफ्रोसिस. लघवीची पिशवी तुडुंब भरली असली तरीही थोडा फुगवटा येतो, म्हणून काकांना लघवी करून यायला सांगितलं आणि पुन्हा पाहिलं. फुगवटा तसाच होता.

खडा मात्र सापडेना. सोनोग्राफीत खडा म्हणजे लख्ख पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली. किडनीतला खडा बहुधा दिसतो, पिशवीच्या तोंडाशी अडकलेलाही भरल्या पिशवीतून दिसतो. मधली मूत्रवाहिनी मात्र आतड्यांच्या मागून जाते आणि आतड्यातला वायू ध्वनिलहरींना पुढे जाऊच देत नाही. रिपोर्टात ‘खडा दिसला नाही’ असं लिहिलेलं असतं, ते ‘खडा नाही’ असं वाचू नये.

मग साधा सिटी स्कॅन केला, शिरेतून औषध न देता. ते औषधही पांढरंच दिसतं, त्यात खडा लपेल. एक्स-रेत न दिसणारे युरिक ॲसिडचे खडेसुद्धा सिटीत दिसतात.

किडनीपासून मूत्रवाहिनीचा माग काढत एकेक काप खाली उतरत गेले. कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ती ओलांडते तिथे ६ मिलिमीटरचा पांढरा ठिपका होता. आणखी खाली, ओटीपोटात, तसेच दोन ठिपके! ते शिरांमधले जुने चुनखडीचे कण होते आणि गफलत नेमकी इथेच होते. वरचा ठिपका नळीच्या आत होता. त्याच्या वर नळी फुगलेली, खाली मिटलेली, आणि भोवती सुजलेल्या भिंतीची करडी कड. खालच्या दोघांना अशी कड नव्हती आणि नळी त्यांच्या बाजूने निघून जात होती.

काकांना पडद्यावर खडा दाखवला. “एवढासा? तुरीच्या दाण्याएवढा?”

मी विचारलं, “थंडी वाजून ताप आला होता का?”

“नाही.”

तसा ताप असता, तर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढल्याची शक्यता धरून त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं असतं. अशा वेळी खडा काढायचं नंतर बघतात. आधी नळी घालून लघवीला वाट करून देतात.