गाडीच्या एसीतील गॅस का बदलला आणि त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये काय बदलले

गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक नव्या मोटारींचे बॉनेट उघडले, की एसीच्या लेबलावर आर-१३४ए या जुन्या नावाऐवजी आर-१२३४वायएफ असे लांबलचक नाव दिसते. नाव बदलले तरी गाडी पूर्वीइतकीच थंड होते, त्यामुळे चालवणाऱ्याला काही वेगळे जाणवत नाही. फरक जाणवतो तो सर्व्हिसिंगच्या वेळी. पूर्वी ‘थोडा गॅस टाकून द्या’ म्हटले की काम होत असे. आता मशीन आधी गॅस ओळखते, मग तो काढून घेते, मोजते, गळती तपासते आणि त्यानंतरच भरू देते. ही सगळी शिस्त कुठून आली, हे समजून घ्यायचे तर या गॅसच्या रेणूपर्यंत आणि तो निवडला गेला त्या काळापर्यंत मागे जावे लागते.

मोटारीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये केली. त्यानंतर अनेक दशके मोटारींच्या एसीत आर-१२ हा क्लोरीनयुक्त वायू वापरला जात होता. तो जळत नसे, विषारी नव्हता, स्वस्त होता आणि अतिशय स्थिर होता. ही स्थिरताच पुढे अंगाशी आली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिले, की असे वायू खालच्या वातावरणात न मोडता थेट वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिथे सुटणारा क्लोरीन ओझोन नष्ट करतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ चे दिवस भरले आणि १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात विकसित देशांतील नव्या गाड्या आर-१३४ए वर गेल्या.

त्या वेळी बदललेल्या गोष्टी आज पुन्हा आठवण्यासारख्या आहेत, कारण दुसऱ्या बदलाचा साचा तिथेच तयार झाला. आर-१३४ए जुन्या खनिज तेलात मिसळत नव्हता, म्हणून कॉम्प्रेसरसाठी कृत्रिम पीएजी तेल आले. चुकून भलताच गॅस भरला जाऊ नये म्हणून सर्व्हिस पोर्टची रचना वेगळी केली गेली: आर-१२ ला आटे असलेले, तर आर-१३४ए ला झटपट बसणारे कपलर. वायू हवेत सोडून देण्याला बंदी आली आणि तो काढून साठवणारी रिकव्हरी मशिने वर्कशॉपमध्ये आली. तरीही बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष काम गेजच्या दोन घड्याळांवर आणि मेकॅनिकच्या अंदाजावरच चालत राहिले.

आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्यामुळे ओझोनचा प्रश्न सुटला, पण तो वातावरणात साधारण १३-१४ वर्षे टिकतो आणि तेवढा काळ उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. म्हणजे ५०० ग्रॅम गॅस असलेली एखादी गाडी पूर्ण गळली, तर सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका परिणाम होतो. गाडीचा एसी घरातील फ्रिजसारखा वेल्डिंग करून बंद केलेला नसतो. त्यात रबरी होज, ओ-रिंग आणि बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत कॉम्प्रेसरच्या फिरत्या शाफ्टचे सील असते. इंजिनाच्या थरथरीत हे सांधे थोडेथोडे गळणारच. म्हणून गळती पूर्णपणे थांबवण्यापेक्षा गळले तरी फारसे बिघडणार नाही असा गॅस शोधणे, हा मार्ग निवडला गेला.

युरोपीय संघाने २००६ मध्ये एक निर्देश काढला, की मोटारीच्या एसीतील गॅसची तापमानवाढ क्षमता १५० पेक्षा जास्त असता कामा नये. नव्याने मंजुरी घेणाऱ्या मॉडेलांना हा नियम २०११ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना २०१७ पासून लागू झाला. अमेरिकेत २०२१ च्या मॉडेल वर्षापासून नव्या हलक्या वाहनांत आर-१३४ए बंद करण्याचे ठरले. या मर्यादेत बसणारा आणि तरीही जवळजवळ आहे त्याच यंत्रणेत चालणारा वायू हनीवेल आणि ड्यूपाँ या कंपन्यांनी पुढे आणला, तो म्हणजे आर-१२३४वायएफ. त्याची तापमानवाढ क्षमता सुरुवातीला ४ मानली गेली आणि नंतरच्या हिशेबात ती १ पेक्षाही कमी निघाली.

एवढा फरक कसा पडला, याचे उत्तर रेणूतील एका दुहेरी बंधात आहे. आर-१३४ए च्या दोन कार्बन अणूंमध्ये साधा बंध आहे आणि तो सहज तुटत नाही. आर-१२३४वायएफ मध्ये दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध आहे आणि हवेतील हायड्रॉक्सिल कण त्यावर लगेच हल्ला करतात, त्यामुळे हा वायू काही दिवसांतच मोडून जातो. माझ्या मते सर्व्हिसिंगमधला जवळजवळ प्रत्येक नवा नियम या एका बंधाशी जोडून पाहिला, की पाठ करावा लागत नाही. जो रेणू हवेत लवकर मोडतो तो कमी स्थिर असतो, म्हणून तो सौम्य ज्वलनशील आहे. ओलावा, हवा किंवा चुकीचे तेल त्याला जास्त बाधते. आणि तो बनवणे अवघड असल्यामुळे महागही पडतो.

ज्वलनशीलतेचा वाद चांगलाच पेटला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये जर्मनीतील डेमलर कंपनीने जाहीर केले, की समोरून धडक झाल्यास काय होईल हे पाहणाऱ्या आपल्या चाचणीत गॅस आणि कॉम्प्रेसर तेलाचा फवारा इंजिनाच्या तापलेल्या भागांवर पडून आग लागली. असा गॅस जळाला की हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू तयार होतो, त्यामुळे ही बातमी गंभीर होती. कंपनी काही काळ आर-१३४ए वरच राहिली, २०१३ मध्ये फ्रान्सने तिच्या काही मॉडेलांची नोंदणी रोखली, आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. तिथे २०१८ मध्ये निकाल लागला, की जर्मनीने नियमाची अंमलबजावणी करण्यात कसूर केली. दरम्यान इतर तपासण्यांतून सामान्य वापरात गंभीर धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला आणि गॅस रुळला. पण सावधगिरी मात्र वर्कशॉपच्या उपकरणांत कायमची शिरली: मशीन ठिणगी न पडणारे आणि हवा खेळती ठेवणारे असावे लागते, सिलिंडरच्या तोंडाला ज्वलनशील वायूंप्रमाणे उलटे आटे असतात, आणि सर्व्हिस पोर्ट पुन्हा एकदा वेगळे केले गेले.

आता एक प्रत्यक्ष काम पाहू. समजा एका गाडीच्या लेबलावर ५२० ग्रॅम आर-१२३४वायएफ लिहिले आहे आणि गाडी उभी असताना थंडावा कमी पडतो अशी तक्रार आहे. पूर्वीची सवय गेज लावून दाब पाहण्याची. इथे ती फसते, कारण दोन्ही वायूंचे दाब जवळजवळ सारखे आहेत: २५ अंशांना आर-१३४ए चा संपृक्त दाब, म्हणजे द्रव आणि वायू एकत्र असतानाचा दाब, सुमारे ६.७ बार आणि आर-१२३४वायएफ चा सुमारे ६.८ बार असतो, तर ४० अंशांना दोघांचेही काटे १०.२ बारच्या आसपास एकाच जागी येतात. त्यामुळे आत नेमका कोणता गॅस आहे हे गेजवरून कळत नाही. तो किती आहे हेही कळत नाही, कारण बंद गाडीत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही.

म्हणून पहिली पायरी ओळख पटवण्याची. ओळखयंत्र लहानसा नमुना घेते आणि शुद्धता सांगते. ती पुरेशी नसेल तर मशीन गॅस आत घेतच नाही. या अडवणुकीचा कोणी राग मानू नये. महाग गॅसऐवजी अॅडॅप्टर लावून कोणीतरी आधी स्वस्त आर-१३४ए भरलेला असतो, गाडी बरी थंडही होत असते, आणि तो मिश्र गॅस वर्कशॉपच्या टाकीत गेला तर टाकीतला सगळा साठा वाया जाऊन पुढच्या प्रत्येक गाडीत तोच जातो. असे मिश्रण वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून शुद्धीकरणासाठी किंवा नष्ट करण्यासाठी पाठवावे लागते, आणि त्याचा खर्च स्वाभाविकच जास्त येतो.

आपल्या गाडीचा गॅस शुद्ध निघाला असे धरू. मशीन तो काढून घेते आणि वजन दाखवते ३९० ग्रॅम. म्हणजे १३० ग्रॅम, बरोबर एक चतुर्थांश, गेलेला आहे. गॅससोबत थोडे तेलही बाहेर येते. ते मोजून तेवढेच नवे परत घालायचे असते. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत इथे विशेष काळजी लागते, कारण त्यांच्या विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटार बहुधा त्याच तेलात भिजलेली असते. तिथे पीओई तेल सांगितलेले असताना नेहमीचे पीएजी गेले, तर विद्युतरोधन कमकुवत होऊन गाडी बिघाडाचा इशारा देऊ लागते.

मग व्हॅक्यूम लावला जातो आणि पंप बंद करून तो टिकतो का ते पाहिले जाते. यानंतरची पायरी या गॅसच्या मशिनांचे वैशिष्ट्य आहे. मशीन आधी ठरलेल्या वजनाच्या फक्त सुमारे १५ टक्के, म्हणजे आपल्या गाडीत ७८ ग्रॅम गॅस सोडते आणि थांबते. आता ब्लोअर चालू करून डॅशबोर्डच्या झरोक्याशी गळतीशोधक धरायचा, कारण ज्वलनशील गॅस केबिनमध्ये साठणे हीच सर्वांत टाळण्याची गोष्ट आहे. व्हॅक्यूम टिकला म्हणून निश्चिंत होता येत नाही. बाहेरून आत दाब असताना घट्ट बसलेली ओ-रिंग आतून बाहेर दाब येताच गळू शकते. इथे शोधकही नव्या गॅससाठी प्रमाणित असावा लागतो.

आपल्या गाडीत केबिन स्वच्छ निघाली आणि गळती कंडेन्सरच्या जोडावर सापडली, तर ओ-रिंग बदलून, पुन्हा व्हॅक्यूम लावून पूर्ण ५२० ग्रॅम भरायचा. गळती इव्हॅपोरेटरची, म्हणजे डॅशबोर्डमागे केबिनची हवा थंड करणाऱ्या भागाची असती, तर मात्र तो डाग देऊन किंवा जुन्या गाडीतला बसवून चालत नाही. या गॅससाठी प्रमाणित केलेला नवाच बसवावा लागतो. वजनात हात सैल सोडून चालत नाही. यंत्रणेत पूर्वीपेक्षा कमी गॅस मावत असल्यामुळे ५० ग्रॅम कमी-जास्त झाले तरी त्याचा परिणाम थंडाव्यावर आणि कॉम्प्रेसरच्या तेलपुरवठ्यावर होतो. ‘टॉप-अप’ मागे पडला तो याचमुळे: किती गेला हे माहीत नसताना किती टाकावा हे कोणीच सांगू शकत नाही.

ही गोष्ट इथे थांबलेली नाही. आर-१२३४वायएफ हवेत मोडतो तेव्हा त्याचे जवळजवळ पूर्णपणे ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल होते; ते पावसाबरोबर खाली येऊन पाण्यात साठते आणि पुढे सहज मोडत नाही. आर-१३४ए पासून हे आम्ल बरेच कमी प्रमाणात बनत असे. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी मांडलेल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवरील निर्बंधांच्या प्रस्तावात असे वायूही येतात. दुसरीकडे काही कंपन्यांनी कार्बन डायऑक्साइडच गॅस म्हणून वापरायला सुरुवात केली आहे. त्याची तापमानवाढ क्षमता १ आहे आणि तो जळत नाही, पण त्याच्या यंत्रणेत दाब १०० बारच्याही वर जातो, त्यामुळे त्या गाड्यांसाठी होज, पोर्ट, शोधक आणि मशीन असे सगळे पुन्हा वेगळे घ्यावे लागते.