खस मागितली, खसखस आली

इंदुरात मराठी घरांत 'वाळा' हा शब्द आता आजीच्या पिढीपुरताच उरलाय. बाकी सगळे हिंदीतून उचललेलं 'खस'च म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मी अकरा-बारा वर्षांचा असताना आत्याने मला वाण्याकडे पाठवलं, "पावशेर खस आण रे, माठात टाकायचीय." मी पावशेर खसखस घेऊन आलो. आत्या झोपली होती, म्हणून शहाणपणा करून मीच ती फडक्यात बांधली आणि माठात सोडली. संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ झालं, वर तेलकट तवंग आला, आणि फडक्यातून निसटलेले दाणे माठाच्या तोटीत जाऊन बसले. ती तोटी मी दाभणाने साफ केली, आत्या शेजारी उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

नावं सारखी असली तरी या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. खस म्हणजे वाळा, एका उंच गवताची मुळं. संस्कृतातलं उशीर तेच. वर गवत नुसतं हिरवं, बिनवासाचं. सगळा सुगंध जमिनीखाली. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत, म्हणून ती खणून काढणं हे कमरेचं काम. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. ते तर आमच्या दारचंच, कारण मंदसौर, नीमच, रतलाम हा माळव्याचा पट्टा सरकारी परवान्यावर अफू पिकवतो. चीक निघतो तो बोंडाच्या सालीतून. वाळलेल्या बोंडातलं बी खाण्याचं, त्याने कुणाला नशा होत नाही. तरी आखाती देशांत कुणाकडे जाताना अनारशांचा डबा नेऊ नका, तिथे खसखस घेऊन जाणं गुन्हा ठरतो.

नावाचा गोंधळ मात्र माझ्या एकट्याचा नाही. जुन्या काळी वाळ्यालाही खसखस म्हणत, आणि इंग्रजांनी वाळ्याच्या पडद्यांना दिलेलं नाव त्याच शब्दावरून आलं. हिंदीत त्या पडद्याला खस की टट्टी म्हणतात. पुण्याहून नवी आलेली वहिनी हे ऐकून पहिल्यांदा बिचकली होती. आम्ही घरात पडदाच म्हणतो.

खरा फरक कळतो तो पाण्यात. वाळा पाण्याला फक्त वास देतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. जुडी काढा, वाळवा, परत टाका. खसखशीचं उलट आहे. तिला कच्ची असताना जवळपास वासच नसतो, पण निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून ती भिजवून वाटली की दुधासारखी दाट होते. थंडाईत, खिरीत, रश्श्यात ती जाते ती या दाटपणासाठी. म्हणजे वाळा गाळून काढायचा आणि खसखस खायची. माझ्या माठात तिने जे केलं ते तिच्या स्वभावाप्रमाणेच होतं.

वाळ्याचा वास इतके दिवस टिकतो त्याचं कारण त्याच्या तेलात आहे. ते जड आहे, सावकाश उडतं. कनौजच्या भट्ट्यांत वाळ्याचं अत्तर काढायला मोगऱ्या-गुलाबापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो तो त्यामुळेच. कोरडी जुडी हातात घेतली तर वास जेमतेम येतो. पाणी शिंपडलं की मुळं फुगतात आणि दोन मिनिटांत खोलीभर ओल्या मातीचा, थोडा लाकडी वास भरतो. मला तो फुलांच्या वासापेक्षा उन्हाळ्यात बरा वाटतो, कारण तो डोक्यात जात नाही. दुपारी पडद्यासमोर झोपलेल्या माणसाला मोगरा नकोसा होईल, वाळा होत नाही.

पडद्याचं काम मात्र वासाचं नाही, वाऱ्याचं आहे. मे महिन्यात इंदुरात चाळीस अंशांची कोरडी लू वाहते. हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर पाणी उडत उडत त्या वाऱ्याला बाविसेक अंशांपर्यंत खाली आणू शकतं. पडद्याने इतकं होत नाही, पण आठ-दहा अंशांचा फरक अंगाला कळतो. त्यासाठी पडदा पश्चिमेच्या, वारा येणाऱ्या खिडकीला लावायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. बहुतेक लोक इथेच चुकतात. गारवा कोंडून ठेवायला दारं लावून घेतात, मग खोली दमट होते आणि मुळांवर काळी बुरशी धरते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वरून पाणी सोडायचं, रात्री पडदा वाळू द्यायचा. बोअरिंगचं जड पाणी वापरलं तर महिन्याभरात पांढरे क्षार बसतात आणि वास दबतो. जूनमध्ये पाऊस आला की पडदा उतरवून टाका. बत्तीस अंश आणि ऐंशी टक्के दमट हवेत तो तीनेक अंशांपलीकडे काही देऊ शकत नाही.

सियागंजात वाळा घेताना मी एक मूळ मोडून दातांखाली धरतो. चांगला वाळा बारीक, चिवट, पिवळट तपकिरी असतो आणि चावल्यावर कडवट सुगंध जिभेवर राहतो. तेल काढून घेतलेली मुळंही पडद्यांत विकली जातात. त्यांना वरून अत्तर मारलेलं असलं तर ते दोन-तीनदा भिजवल्यावर उडून जातं आणि मागे नुसतं गवत उरतं. खसखशीला अशी परीक्षा लागत नाही. चिमूटभर तळहातावर घेऊन बोटाने रगडली की ताजी तेलकट लागते, जुनी असेल तर खवट वास येतो.

सरबताच्या हिरव्या रंगानेही बऱ्याच जणांची फसगत होते. वाळ्यात हिरवं काहीच नाही. घरी करून पाहा: पन्नास ग्रॅम मुळं तीन-चार पाण्यांनी माती जाईपर्यंत धुवा, कात्रीने बोटभर कापा आणि लिटरभर कोमट पाण्यात झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं दिसेल. त्यात किलोभर साखर विरघळवून एक उकळी आणा, उतरवून एका लिंबाचा रस घाला. मुळं पाण्यासकट उकळायची नाहीत, सरबत तुरट आणि लाकडासारखं लागतं. पहिल्यांदा हे प्यायल्यावर आमचा पुतण्या म्हणाला, "काका, हे खसचं नाहीये, हिरवं नाहीये." त्याच्यासाठी मी पुढच्या बाटलीत थेंबभर खाण्याचा हिरवा रंग घातला.

उन्हाळा संपला की माठातली जुडी खडखडीत वाळवून आत्या साड्यांच्या कपाटात ठेवते. आणि खसखशीचा डबा दिवाळीपर्यंत फडताळात मागे जातो, अनारसे थापायला.