ऊन लागलं की औषध लागलं?

फवारणी करणारा माणूस भर दुपारी बांधावर येऊन बसतो. घामाने निथळत असतो. गरगरतंय, मळमळतंय म्हणतो. सोबतचे त्याला सावलीत आडवा करतात, पाणी देतात आणि ‘ऊन लागलं’ म्हणून कामाला लागतात. चक्कर, डोकेदुखी, उलटी, गळाठा, घाम ही सगळी लक्षणं उन्हाच्या त्रासातही असतात आणि विषबाधेतही. म्हणून ही चूक कुणाच्याही हातून होते. पण तिची किंमत फार मोठी असते.

फरक ओळखायची खूण अशी: उन्हाने शरीर सुकतं, औषधाने ते पाझरतं. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं पडतं, तहान लागते, लघवी कमी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पडतं. ग्रंथींना आणि स्नायूंना गेलेला मज्जातंतूंचा निरोप पुसून टाकणं हे त्याचं काम. निरोप पुसलाच गेला नाही, की ग्रंथी स्रवत राहतात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांना आणि नाकाला पाणी येतं, जुलाब होतात, छातीत घरघर सुरू होते. पापणी किंवा पोटरी आपोआप फडफडते. डोळ्यांच्या बाहुल्या सावलीतही टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक राहिल्या, तर शंका घ्यायला जागाच उरत नाही. मात्र बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला त्या तशा असू शकतात. नाडीवरून निदान करायला जाऊ नका, विषबाधेत ती मंदही असते आणि जलदही.

आता एक उदाहरण बघू. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचा वायसर झिजलाय. माणूस सकाळी नऊला फवारणी सुरू करतो. वाकला की थोडं द्रावण पाठीवरून कंबरेकडे ओघळतं. अकरापर्यंत सदरा आणि पँटचा वरचा भाग ओला झालेला असतो, पण त्याला तो घामच वाटतो. एक वाजता मळमळ सुरू होते. तोंडाला फडकं बांधलेलं होतं, हात धुतल्याशिवाय काही खाल्लं नव्हतं, मग औषध पोटात जाईलच कसं, असं सगळे म्हणतात. पण शेतात विष मुख्यतः कातडीतून जातं, आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या एका जुन्या प्रयोगात पुढच्या हातावर लावलेल्यापैकी जेमतेम 9 टक्के औषध अंगात गेलं, तर वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. ओघळ नेमका तिकडेच चालला होता. त्यात घामेजलेली, तापलेली कातडी औषध आणखी भरभर ओढते.

आता त्याला सावलीत निजवलंय, पण अंगात तोच ओला सदरा आहे. म्हणजे विश्रांती चालू आहे आणि विषही चालूच आहे. नुसता उन्हाचा थकवा असता, तर अर्ध्याएक तासात उतार पडायला हवा होता. इथे तीन वाजता लाळ गळू लागते आणि समोरचं धूसर दिसू लागतं.

म्हणून माझं सांगणं असं की खात्री होईपर्यंत थांबूच नका. सगळे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. केस, कानांमागची जागा, नखं, काखा, जांघा काही सोडू नका. ऊन लागलं असेल तर या पाण्याने अंग थंड होईल, औषध लागलं असेल तर ते निघून जाईल. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. उलटी मुद्दाम करवू नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावं, तोंडाने काही देऊ नये आणि लगेच दवाखाना गाठावा. डब्यावरच्या लेबलचा फोटो बरोबर हवाच, कारण सगळीच औषधं अशी पाझर लावत नाहीत. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं, तर सुरुवातीला माणूस बराच ठीक दिसू शकतो.

दवाखान्यात ‘चक्कर आली’ एवढंच सांगू नका. काय फवारलं, किती वाजता, अंगाचा कोणता भाग भिजला हे सांगा. ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा द्यायचा की नाही हे डॉक्टर त्यावरून आणि लक्षणांवरून ठरवतात. रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासता येतं, पण त्याचं प्रमाण माणसागणिक इतकं वेगळं असतं की एकटा आकडा फसवू शकतो. हंगामाआधीची तपासणी हाताशी असेल, तर त्यात 20 टक्के घट दिसली तरी कामाची पद्धत आणि साधनं तपासायला हवीत.

आणि केसपेपरवर निदान काय लिहिलंय ते वाचून घ्या. तिथे ‘उष्माघात’ लिहिलं गेलं, तर विषबाधेच्या नोंदीत ही केस येतच नाही. झाकणाचा वायसर कुणी बघत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच पंप दुसऱ्याच्या पाठीवर चढतो.