६० फ्रेमचा व्हिडिओ आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर

स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये हमखास दिसणारा ६० हा आकडा मुळात विजेचा आहे. अमेरिकेत घरगुती वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या टीव्हीचा पडदाही सेकंदाला ६० वेळा रंगवला जाऊ लागला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दूरदर्शनचा पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला गेला. संगणक मात्र अमेरिकेतून आला. १९८७ च्या व्हीजीए या डिस्प्लेच्या मानकाचा ६४० बाय ४८० हा मोड ६० हर्ट्झचा होता आणि पुढे एलसीडी मॉनिटरही तिथेच स्थिरावले. यूट्यूबने ६० फ्रेमचे व्हिडिओ दाखवायला २०१४ साली सुरुवात केली. आजही त्याची कमाल मर्यादा तीच आहे.

दरम्यान, २०१२ च्या सुमारास गेमिंगसाठी १४४ हर्ट्झचे मॉनिटर बाजारात आले आणि इथे हिशेब बिघडला. १४४ ला ६० ने भागलं की २.४ येतात. अर्धवट फ्रेम तर उचलता येत नाही, म्हणून रेकॉर्डर कधी दोन तर कधी तीन पायऱ्या पुढची फ्रेम घेतो. समजा, कोडचं पान दर रिफ्रेशला १० पिक्सेल सरकतंय. रेकॉर्डिंगमध्ये ते २०, २०, ३०, २०, ३० असं सरकतं. समोर लोण्यासारखं दिसलेलं स्क्रोलिंग व्हिडिओत अडखळतं ते यामुळे. खात्री करायची तर एकसारख्या वेगाने सरकणारं पान रेकॉर्ड करा आणि एकेक फ्रेम पुढे नेत पाहा. फ्रेम गळत नसूनही उड्या लहानमोठ्या असतील, तर दोष या भागाकाराचाच.

उपाय सोपा आहे: रेकॉर्डिंगपुरता मॉनिटर १२० हर्ट्झवर आणा. मग बरोबर प्रत्येक दुसरी फ्रेम उचलली जाते. २४० हर्ट्झवाल्यांना काही बदलायला नको, १६५ वाल्यांना मात्र हेच करावं लागेल. नुसत्या स्लाइड दाखवायच्या असतील तर ३० फ्रेम पुरतात.

रिझोल्यूशनचंही गणित असंच आहे. अशा मॉनिटरवर २५६० बाय १४४० सर्रास असतं. ते १९२० बाय १०८० वर उतरवलं की १.३३ पिक्सेलांचा एक पिक्सेल होतो आणि अक्षरांच्या बारीक उभ्या रेषा शेजारच्या पिक्सेलात मिसळतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आधी जातात. म्हणून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये `Base (Canvas) Resolution` आणि `Output (Scaled) Resolution` दोन्ही 2560x1440 ठेवावेत आणि व्हिडिओ तसाच चढवावा. ४के पडद्याचं १०८० केलं तर निदान भागाकार पूर्ण दोनचा येतो.

एवढं करूनही काळ्या एडिटरवरची लाल अक्षरं थोडी पुसट होतातच. व्हिडिओत रंगाची माहिती सहसा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी निम्मीच साठवली जाते. १०८० च्या व्हिडिओत रंगाला ९६० बाय ५४० एवढीच जागा मिळते, १४४० मध्ये १२८० बाय ७२०. रंगीत कोड दाखवायचा असेल तर १४४० ठेवण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे.