काँक्रीटचे नाममात्र मिश्रण

स्वतंत्र चाचण्या न घेता सिमेंट, वाळू व खडी ठरावीक प्रमाणात एकत्र करून तयार केलेल्या काँक्रीटला नाममात्र मिश्रण म्हणतात; बांधकामावर ‘नॉमिनल मिक्स’ हेच नाव रूढ आहे. आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकानुसार असे मिश्रण एम-२० या ताकदीच्या प्रतीपर्यंतच चालते, त्यापुढे प्रयोगशाळेत ठरवलेले संकल्पित मिश्रण लागते. म्हणून सिमेंट, वाळू व खडीच्या १:१:२ या मिश्रणाला एम-२५ म्हणण्याची प्रथा सर्वत्र आढळत असली, तरी तिला या मानकाचा आधार नाही.

१:२:४ किंवा १:३:६ अशी आकारमानाची प्रमाणे मानकांपेक्षा जुनी असावीत. सध्याचे मानक मात्र वजनाने बोलते: सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीस वाळू व खडी मिळून एम-१५ साठी जास्तीत जास्त ३३० किलो आणि एम-२० साठी २५० किलो. ही दोन मोजमापे जुळतात का, हे ताडून पाहता येते. एका गोणीचे आकारमान सुमारे ३५ लिटर धरतात. १:१.५:३ या प्रमाणात तिच्यासोबत ५२.५ लिटर वाळू आणि १०५ लिटर खडी येते. कोरडी वाळू लिटरला सुमारे १.६ किलो आणि खडी १.५ किलो धरल्यास एकूण वजन २४२ किलोच्या आसपास भरते, म्हणजे एम-२० च्या मर्यादेत बसते. याच हिशेबाने १:२:४ चे वजन ३२२ किलो होते आणि ते एम-१५ च्या मर्यादेत राहते.

हा मेळ वाळू कोरडी असेल तरच टिकतो. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलाव्यात ही फूग २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पुण्यात नदीच्या वाळूऐवजी आता बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी, दगड भरडून केलेली क्रश सँडही याला अपवाद नाही, आणि धूळ उडू नये म्हणून ती बहुधा ओली करूनच ट्रकमध्ये भरतात. अशा वेळी ५२.५ लिटरच्या मापात प्रत्यक्षात ४२ लिटरचीच वाळू येते. सिमेंट तेवढेच राहिल्याने ताकद लगेच घटत नाही, पण खडीमधल्या पोकळ्या भरण्यास वाळू कमी पडते, माल रखरखीत होतो, आणि मिस्त्री तो सरकावा म्हणून पाणी वाढवतो. खरे नुकसान त्या पाण्याने होते.

फूग मोजण्याची रीत सोपी आहे. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ओली वाळू न दाबता २० सेंमीपर्यंत भरावी, ती काढून बरणीत अर्धे पाणी घ्यावे, मग तीच वाळू परत टाकून ढवळावी व खाली बसू द्यावी. ती १६ सेंमीवर स्थिरावली, तर फूग ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के झाली. मग त्या दिवशी ५२.५ ऐवजी सुमारे ६५ लिटर वाळू घालावी. मोजण्यासाठी घमेल्यापेक्षा ४० × ३५ × २५ सेंमी आतील मापाचा फरमा बरा, कारण तो बरोबर ३५ लिटरचा, म्हणजे एका गोणीचा होतो. घमेली लहानमोठी असतात आणि शीग लावून भरली जातात.

पाण्याबाबत मानकातच दोन आकडे दिसतात. नाममात्र एम-२० साठी गोणीमागे ३० लिटरची मर्यादा दिली आहे, पण टिकाऊपणाच्या तक्त्यात सौम्य वातावरणातील प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५५, म्हणजे २७.५ लिटर, एवढेच सांगितले आहे. दुसरा आकडा पाळणे अधिक सुरक्षित दिसते. वाळूतले पाणीही यातूनच वजा करावे लागते: पाच टक्के ओलाव्याच्या ८४ किलो वाळूत ते चार लिटरहून अधिक असते.

पायाच्या फुटिंगखालच्या सळईविरहित थरासाठी (पीसीसी) १:४:८ किंवा १:३:६ पुरते. पूर्वी स्लॅब व बीमसाठी सर्रास वापरले जाणारे १:२:४ आता फरशीखालच्या थरासारख्या बिनसळईच्या कामापुरते उरले आहे, कारण २००० पासून प्रबलित काँक्रीटची किमान प्रत एम-२० आहे. त्यामुळे घरातील, पावसापासून झाकलेल्या स्लॅब व बीमसाठी १:१.५:३ हे योग्य मिश्रण ठरते. तीन बाय चार मीटरच्या १२.५ सेंमी जाड स्लॅबला दीड घनमीटर माल, म्हणजे साधारण १२ गोण्या लागतात.

जमिनीत गाडलेले फुटिंग आणि पाऊस झेलणारा गच्चीचा स्लॅब किंवा बाहेरचा कॉलम यांची स्थिती वेगळी आहे. मानक त्यांना किमान मध्यम वातावरणात धरते व एम-२५ मागते; म्हणजे पुण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातही काटेकोरपणे पाहता नाममात्र मिश्रण येथे चालत नाही. लहान कामावर ही अट क्वचितच पाळली जाते, परंतु निदान फुटिंग व कॉलमपुरते संकल्पित मिश्रण अभियंत्याकडून घ्यावे, हे मत ग्राह्य वाटते.

कॉलममध्ये प्रतीइतकाच प्रश्न माल भरण्याचा असतो. सळयांभोवतीच्या दाट रिंगांमध्ये २० मिमी खडी अडकते, आणि दीड मीटरहून अधिक उंचीवरून टाकलेला माल फुटून खडी तळाशी गोळा होते. साचा काढल्यावर कॉलमच्या पायथ्याशी वाळूविना उघडी खडी दिसते ती बहुधा यामुळे. तिच्यावर नुसता गिलावा न चढवता तेवढा भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडून पुन्हा भरावा लागतो.